कॉफीच्या पाकिटावरचा मजकूर मराठीत कसा आणावा

समजा, पाकिटावर इतकेच छापले आहे: ‘इथिओपिया यिर्गाचेफ, वॉश्ड, जॅस्मिन, बर्गमॉट, ब्लॅककरंट, ब्राइट ॲसिडिटी, लाइट बॉडी.’

आधी यांतील नावे वेगळी काढावीत. यिर्गाचेफ हे ठिकाणाचे नाव असल्याने ते उच्चाराप्रमाणे लिहून सोडून द्यावे. चहाच्या पाकिटावरील ‘ऑरेंज पेको’ हेही पानांच्या प्रतवारीचे नाव आहे. त्याचा संत्र्याशी संबंध नाही, त्यामुळे तिथे ‘संत्रा’ लिहिले तर ग्राहक तो संत्र्याच्या स्वादाचा चहा समजून घेईल.

त्यानंतर प्रक्रियेचे शब्द पाहावेत. ‘वॉश्ड’ म्हणजे धुऊन स्वच्छ केलेली कॉफी नव्हे. फळाची साल व गर काढून, बीला चिकटलेला बुळबुळीत थर बहुधा आंबवून सैल केल्यावर धुऊन टाकतात आणि मग बी वाळवतात. म्हणून ‘गर काढून, धुऊन वाळवलेली’ असे लिहावे. याउलट ‘नॅचरल’ म्हणजे अख्खे फळच वाळवलेली कॉफी. तिला ‘नैसर्गिक’ म्हटले, तर बाकीच्या कॉफीत काही कृत्रिम असते असा अर्थ निघतो.

खरी अडचण चवीच्या शब्दांत येते. मराठीत ‘ॲसिडिटी’ म्हटले की लोकांना छातीतली जळजळ आठवते, त्यामुळे तो शब्द जसाच्या तसा ठेवू नये. ‘ब्राइट ॲसिडिटी’ला ‘तजेलदार आंबटपणा’ म्हणता येईल. ‘बॉडी’ म्हणजे घोट तोंडात किती दाट वाटतो ते, म्हणून ‘लाइट बॉडी’ म्हणजे ‘पातळ, हलका घोट’. पण ‘पातळ’ हा शब्द पाणचट कॉफीकडे झुकतो, म्हणून मी नुसते ‘हलका घोट’ लिहीन.

फळाफुलांच्या नावांत ओळखीचा शब्द घालण्याचा मोह आवरावा. ब्लॅककरंट हे झुडपावर येणारे छोटे, आंबट फळ आहे, तर काळ्या मनुका म्हणजे वाळवलेली द्राक्षे. दोन्हींची चव सारखी नाही. बर्गमॉटला ‘लिंबू’ केले, तर त्याचा फुलांसारखा सुगंध हरवतो. ही दोन्ही नावे तशीच ठेवून ‘बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा सुगंध’ एवढी ओळख जोडावी. जॅस्मिनला मात्र मराठीत शब्द आहेत, तेही एकापेक्षा जास्त. जॅस्मिन चहात बहुधा मोगऱ्याचीच फुले वापरतात, त्यामुळे तिथे ‘मोगरा’ चालेल. कॉफी चाखणाऱ्याने नेमके कोणते फूल ते सांगितलेले नसते. म्हणून ‘जाई-जुईसारखा गंध’ असे मोघम लिहिणे जास्त प्रामाणिक ठरते.

शेवटी, या वर्णनावर ‘चाखताना जाणवणाऱ्या छटा’ असा मथळा द्यावा आणि कॉफीत वेगळे काही मिसळलेले नसेल, तर खाली ‘घटक: फक्त कॉफी’ असे स्पष्ट लिहावे. मग केवळ मराठी मजकूर एखाद्या अनोळखी वाचकाला देऊन पाकिटात काय आहे ते विचारावे. त्याने जाई-जुईची फुले घातली आहेत असे सांगितले, तर मथळा अजून पुरेसा स्पष्ट झालेला नाही.