पीआय दरवर्षी घसरतोय: वाइंडिंगवर मळ आहे की इन्सुलेशन म्हातारं झालंय, हे कसं ओळखायचं

टेस्टिंगला नवीन आलेल्या पोरांच्या हातात मोटरची जुनी फाइल दिली आणि त्यात पीआय, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, आधी ४, मग अडीच, मग १.६ असा उतरत आलेला दिसला की दहातले नऊजण म्हणतात, "सर, इन्सुलेशन गेलं, रिवाइंडिंगला पाठवूया." मी बरीच वर्षं एचटी मोटर्सचं मेगरिंग करतोय, आणि माझं ठाम मत आहे की पीआय खाली आला म्हणजे पहिला संशय मळ आणि ओलावा यांच्यावरच घ्यायचा, म्हातारपणावर नंतर. असं का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की फाइल वाचायची पद्धतच बदलते.

पीआय म्हणजे दहाव्या मिनिटाचा आयआर, म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्स, भागिले पहिल्या मिनिटाचा आयआर, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण मेगर खरं तर करंट मोजतो आणि आपल्याला मेगओहम दाखवतो. एक मिनिटानंतर जो करंट उरतो त्यात मुख्यतः दोन भाग असतात. एक अ‍ॅब्सॉर्प्शन करंट, जो इन्सुलेशनच्या मटेरियलमध्ये होणाऱ्या पोलरायझेशनमुळे वाहतो आणि वेळेबरोबर हळूहळू कमी होत जातो. दुसरा लीकेज, जो पृष्ठभागावरच्या धूळ-तेल-ओलाव्यातून वाहतो आणि दहा मिनिटं थांबलात तरी साधारण तेवढाच राहतो. म्हणून फाइलमधल्या मेगओहमचे आधी मायक्रोअँप करून बघायचे: टेस्ट व्होल्टेज भागिले मेगओहम, बस.

एका ६.६ केव्ही मोटरचं उदाहरण घेऊ, टेस्ट व्होल्टेज दरवेळी २५०० व्होल्ट, वाइंडिंगचं तापमान जवळपास सारखं, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. सुरुवातीला १ मिनिटाला २५०० मेगओहम, १० मिनिटांना १०,०००, म्हणजे पीआय ४. करंटमध्ये बघितलं तर १ मायक्रोअँप आणि ०.२५ मायक्रोअँप. काही वर्षांनी रीडिंग २००० आणि ५०००, पीआय २.५. करंट १.२५ आणि ०.५. त्यानंतरच्या शटडाऊनला १२५० आणि २०००, पीआय १.६. करंट २ आणि १.२५.

आता दोन्ही करंटमधला फरक बघा. तिन्ही वेळा ०.७५ मायक्रोअँपच! म्हणजे मटेरियलचं अ‍ॅब्सॉर्प्शन जसं होतं तसंच आहे, फक्त त्यावर एक कायमचा लीकेज बसलाय, आधी ०.२५ चा आणि मग पूर्ण १ चा. दहाव्या मिनिटाचा करंट मुळात छोटा असतो म्हणून त्याला हा जादाचा लीकेज जास्त जाणवतो, आणि म्हणूनच १ मिनिटाचा आयआर फक्त निम्मा झाला पण १० मिनिटांचा पाचपट घसरला. ही मळाची खूण आहे. आणि गंमत अशी की १ मिनिटाचा आयआर अजूनही १२५० आहे, आयईईई ४३ या स्टँडर्डप्रमाणे १९७० नंतरच्या फॉर्म वाउंड वाइंडिंगला ४० डिग्रीवर किमान १०० मेगओहम लागतात, त्यापेक्षा कितीतरी वर. नुसता आयआर बघणारा माणूस ही मोटर ओके म्हणून सोडून देईल. पीआय मात्र २ च्या खाली आलाय, आणि क्लास एफ इन्सुलेशनला २ ही किमान मर्यादा आहे.

तापमान वेगळं असेल तर दोन्ही करंट साधारण एकाच पटीत वरखाली होतात, म्हणून आयआर बदलतो पण पीआय फारसा हलत नाही. अशा वेळी वरचा फरकाचा हिशोब आधी दोन्ही रीडिंग ४० डिग्रीला करेक्ट करूनच करायचा. प्रत्यक्षात फरक इतका तंतोतंत सारखा येणारही नाही. जवळपास तेवढाच राहिला तरी पुरे. ओलावा इन्सुलेशनच्या आतपर्यंत मुरला असेल तर हा फरकही बदलतो.

रीडिंगवर विश्वास ठेवायच्या आधी काही गोष्टी बघून घ्या. केबल आणि सर्ज कपॅसिटर काढलेत का, टर्मिनल बॉक्समधले इन्सुलेटर पुसलेत का, कारण लीकेज बऱ्याचदा तिथेच असतो आणि बदनाम वाइंडिंग होतं. वाइंडिंगचं तापमान हवेच्या दवबिंदूच्या वर हवं, स्पेस हीटर बंद पडलेल्या मोटरचा पीआय घेऊन काही कळत नाही. आणि पुन्हा टेस्ट घ्यायची असेल तर किमान चौपट वेळ, म्हणजे १० मिनिटांच्या टेस्टनंतर ४० मिनिटं, वाइंडिंग जमिनीला जोडून, म्हणजे अर्थ करून ठेवायचं. घाई केली तर वाइंडिंगमध्ये अडकलेला चार्ज उलट दिशेने बाहेर येत राहतो, पहिल्या मिनिटाचा आयआर फुगून दिसतो आणि पीआय उगाच कमी येतो. सहाही लीड बाहेर असतील तर एकेक फेज वेगळी घ्या, बाकीच्या दोन अर्थ करून. तिन्ही फेज सारख्याच उतरल्या असतील तर सगळीकडे मळ किंवा ओलावा, एकच उतरली असेल तर कुठेतरी लोकल भानगड आहे.

मग खरी परीक्षा म्हणजे साफ करून, सुकवून बघणं. ओव्हरहँगवरची धूळ व्हॅक्यूमने काढायची, तेलकट थर असेल तर वाइंडिंगला चालणाऱ्या सॉल्व्हंटने पुसायचा, मग हळूहळू तापवायचं. तापवताना आयआर आधी खाली जातो, घाबरू नका, ओलावा निघायला लागला की वर चढतो आणि एका जागी स्थिर होतो. तेव्हा थंड होऊ द्यायचं आणि आधीच्याच तापमानाला टेस्ट घ्यायची. आपल्या मोटरमध्ये यानंतर २२७० आणि ७१४० आले, पीआय ३.१. करंट १.१ आणि ०.३५, फरक परत ०.७५, लीकेज १ वरून ०.१ वर. म्हणजे दोष मळाचाच होता, रिवाइंडिंगचा विषय संपला.

आता म्हातारपणाचं. इथे बरेच जण फसतात, कारण उष्णतेने इन्सुलेशन म्हातारं झालं की रेझिन कमजोर होतं, मायकाचे थर सुटतात, मध्ये पोकळ्या तयार होतात, पण बाकीचे शाबूत थर डीसी करंट अडवतच राहतात, त्यामुळे पीआय ४ चा ४ दिसू शकतो. जुन्या अ‍ॅस्फाल्टिक किंवा शेलॅक-मायका वाइंडिंगमध्ये तर पीआय ८ च्या वर गेला तर उलट संशय घ्यायचा, इन्सुलेशन कोरडं आणि ठिसूळ झालेलं असू शकतं, हाताने ठोकून आणि डोळ्याने बघून खात्री करावी लागते. म्हणून पीआय चांगला आला एवढ्यावर "इन्सुलेशन तरुण आहे" असं रिपोर्टमध्ये कधीच लिहू नका. पोकळ्या बघायच्या तर टॅन डेल्टा टिप-अप आणि पार्शल डिस्चार्ज, आणि टर्न-टू-टर्नसाठी सर्ज टेस्ट. पीआय ग्राउंडवॉलपुरताच, म्हणजे वाइंडिंग आणि कोअर यांच्यातल्या इन्सुलेशनपुरताच बोलतो, टर्न इन्सुलेशनबद्दल त्याला काहीच कळत नाही.

म्हातारपण पीआयमध्ये दिसतं ते आडवळणाने. इन्सुलेशनला तडे गेले की मळ आणि ओलावा त्या तड्यांत शिरतो, वरून पुसून निघत नाही. तेव्हा साफ करून, सुकवूनही पीआय दीडच्या आसपास अडकून राहतो, किंवा वर येतो पण त्याच वातावरणात थोड्याच महिन्यांत परत कोसळतो, आधी जितकं उतरायला वर्षं लागली होती तितकं. काही वेळा टेस्ट चालू असताना रीडिंग स्थिर न वाढता मध्येच झटके खातं, तेही आतल्या कमजोर जागेचं लक्षण असू शकतं.

म्हणून या मोटरच्या फाइलमध्ये ३.१ सोबत चारही आकडे लिहिले: १ आणि १० मिनिटांचा आयआर, वाइंडिंगचं तापमान, टेस्ट व्होल्टेज. पुढची टेस्ट वर्षाने नाही तर पुढच्या छोट्या शटडाऊनलाच लावली. तेव्हा १० मिनिटांचा करंट ०.३५ च्या आसपास राहिला तर फिल्टर आणि सील बघून मोटर चालू ठेवायची, आणि तो परत १ कडे धावायला लागला असेल तर तेव्हाच टॅन डेल्टा टेस्ट मागवायची.