जिभेखालची गोळी चालू असताना: अल्प्रोस्टॅडिलची कांडी आणि क्रीम

दादरच्या एका ६१ वर्षांच्या गृहस्थांचं उदाहरण घेऊ. मधुमेह जुना, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी खिशात. लिंगाला ताठरता येत नाही, पण ताठरतेची नेहमीची गोळी सिल्डेनाफिल घेता येत नाही, कारण नायट्रेटसोबत रक्तदाब धोकादायक खाली जातो. लिंगात सुई टोचून घेण्याचं औषध जास्त खात्रीचं, पण सुईला ते तयार नाहीत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गोळ्या लागू न पडणारेही इथेच येऊन थांबतात.

उरते अल्प्रोस्टॅडिल. ते लिंगातल्या रक्तवाहिन्या थेट सैल करतं. मूत्रमार्गात ठेवायची कांडी तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असते. तिच्यात १२५ ते १००० मायक्रोग्रॅम औषध असतं. हेच औषध सुईने दिलं तर जास्तीत जास्त साठ मायक्रोग्रॅम पुरतात. मूत्रमार्गातून थोडंच औषध आत झिरपतं, म्हणून हा फरक.

आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं, हृदयाला संभोगाचा ताण झेपेल का. पहिला डोस यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यातच घ्यायचा, कारण काहींना रक्तदाब उतरून चक्कर येते.

घरी करताना आधी लघवी करून या. राहिलेल्या थेंबांनी मार्ग ओला होतो, कांडी आत सोडणारी बटणाची नळी सहज सरकते आणि कांडी विरघळते. लिंग हलकेच ताणून सरळ धरा, नळी साधारण ३ सेंटीमीटर आत घाला, बटण दाबा, पाच सेकंद थांबा. नळी थोडी हलवून काढा. कांडी तिच्यातच अडकलेली नाही ना, हे पाहा. मग लिंग दोन्ही तळहातांत दहा सेकंद चोळा आणि दहा मिनिटं उभे राहा किंवा घरातच फेऱ्या मारा. लगेच आडवं झालात तर परिणाम फिका पडतो. तो अर्धा ते एक तास टिकतो. दिवसात दोनपेक्षा जास्त कांड्या नाहीत.

क्रीमची गंमत म्हणजे काहीच आत घालायचं नसतं. लिंगाच्या टोकावरच्या छिद्रावर ठेवून ते आत उतरू द्यायचं, हात धुवायचे. ५ ते ३० मिनिटं लागतात. ज्यांना नळीची किळस येते त्यांना हेच बरं वाटतं, पण दिवसातून एकदाच.

जळजळ दोन्हीत होते, कांडीने दुखतंही. पत्नीलाही जळजळ होऊ शकते. ती गरोदर असेल तर कंडोम हवाच. सिकल सेल किंवा रक्ताचा कर्करोग असणाऱ्यांनी हे वापरू नये.

दोन्ही औषधं फ्रिजमध्ये ठेवतात. मे महिन्यात दादरहून लोकलने नेताना बर्फाच्या पाकिटात न्या, नाहीतर औषध कमजोर होतं आणि दोष शरीराला दिला जातो. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर संकोच न करता थेट तातडीच्या विभागात जा.