जॉइनिंग बोनस परत द्यायची वेळ येते तेव्हा: या चुका टाळा

2025च्या जूनमध्ये माझी भाची नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाचा, म्हणजे फुल अँड फायनलचा कागद घेऊन डोंबिवलीला आमच्या घरी आली. नागपूरहून पवईतल्या कंपनीत येताना तिला 3,00,000 रुपये जॉइनिंग बोनस मिळाला होता, शिवाय सामान हलवायचा खर्च. वर्ष पूर्ण करून निघाली, तरी सगळं वसूल केलेलं आणि वर तिच्याकडेच बाकी दाखवलेली! मी पेरोलमध्येच काम करतो, म्हणून आधी ऑफर लेटर मागितलं.

कलम होतं, "रुजू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास संपूर्ण रक्कम परत." ती 10 जून 2024ला रुजू झाली होती. 15 एप्रिल 2025ला राजीनामा दिला आणि साठ दिवसांची नोटीस भरून 14 जूनला बाहेर पडली. तिने शेवटचा दिवस धरला, कंपनीने राजीनाम्याचा मेल. सही करायच्या आधी "राजीनामा दिल्यास" ऐवजी "शेवटचा कामाचा दिवस" एवढा बदल मागायचा असतो. तो मिळत नसेल तर "संपूर्ण" काढून महिन्यांच्या हिशेबाने वसुली मागा. दहा महिने भरलेल्या माणसाला मग 50,000च द्यावे लागतात.

दुसरी चूक मला जास्त लागली. बोनसवर 31.2 टक्के टीडीएस कापून तिच्या खात्यात 2,06,400च आले होते. वसुली मात्र पूर्ण तीन लाखांची. एकाच आर्थिक वर्षात बोनस आला आणि परत गेला, तर पेरोलला करपात्र पगार कमी करून टीडीएस जुळवता येतो. इथे मधे 31 मार्च गेला होता, जुन्या फॉर्म 16मध्ये तीन लाख उत्पन्न म्हणून बसले होते. म्हणून "हातात आलेली रक्कमच परत" हे शब्द कलमात हवेत, आणि राजीनामा मार्चच्या आसपास असेल तर तारीख पुन्हा एकदा बघा.

सामानाचा खर्च कंपनीने पॅकर्सना परस्पर दिला होता. कागदावर गोल 80,000. बिलं मागितल्यावर 74,000ची निघाली. बिलं मागायला लाजू नका.

"बॉन्ड कोर्टात टिकतच नाही" या भरवशावर मात्र राहू नका. 2025मध्येच सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा "तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर दोन लाख भरा" असा बॉन्ड वैध ठरवला. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते आणि करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा, पण तो वाद घालायला वकील आणि वर्षं लागतात.

भाचीने फॉर्म 16, बोनसची पगारपावती आणि बिलं जोडून एचआरला मेल केला, "हातात आलेले 2,06,400 आणि बिलाचे 74,000 देते, हप्ते करून द्या." तीन आठवड्यांनी तेवढ्यावर मान्य झालं, चार हप्त्यांत. रिलीव्हिंग लेटर पहिल्या हप्त्यानंतर मिळेल हेही तिने त्याच मेलवर लिहून घेतलं.