खातं निलंबित: तक्रार अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र (माझा अनुभव)

माझं समाजमाध्यमावरचं खातं बंद झालं तेव्हा ॲपमधल्या अपिलाला एकच साचेबद्ध उत्तर येत राहिलं: ‘नियमभंग झाला आहे.’ कोणता नियम, कोणती पोस्ट, काही नाही. मग तक्रार अधिकारी गाठला. भारताच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क प्लॅटफॉर्मने जाहीर करावाच लागतो. बहुतेकदा तो पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात सापडतो.

पत्र खात्याशी जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवलं, नाहीतर ओळख पटवण्यातच वेळ जातो. त्यात खात्याची लिंक, निलंबनाची तारीख, आलेल्या नोटिशीचा मजकूर जसाच्या तसा, आधीच्या अपिलाचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट होते. संताप एका ओळीतही नव्हता. खरं वजन मागणीला असतं. ‘न्याय द्या’ म्हटलं की पुन्हा तेच छापील उत्तर येतं. मी लिहिलं: ‘ज्या पोस्टमुळे कारवाई झाली ती आणि मोडलेलं कलम सांगा, माणसाकडून फेरतपासणी करा, खातं पूर्ववत करा.’ मोठ्या समाजमाध्यमांनी कारवाईचं कारण कळवावं आणि दाद मागायची संधी द्यावी असं नियम ४(८) सांगतो, तोही नमूद केला. पासवर्ड मात्र कुणालाही देऊ नये.

पोच २४ तासांत मिळायला हवी. तिच्यातला क्रमांक जपून ठेवला, कारण अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे जाता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही. पोस्ट कोणती ते कळलं आणि खातं परत सुरू झालं.