स्वतःचं पुस्तक ऑनलाइन विकताना या चुका टाळा

प्रेसवाला सांगतो, 'हजार प्रती काढा, ऑफसेटवर एक प्रत साठ रुपयांत पडेल. शंभर काढल्या तर डिजिटलवर पंच्याण्णव.' आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण मोह असाच होतो. हजार प्रतींचे 60,000 रुपये भरले आणि वर्षभरात 300 विकल्या गेल्या, तर विकलेली प्रत 200 रुपयांना पडली. उरलेले गठ्ठे माळ्यावर दोन पावसाळे काढतात. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या तळातल्या प्रतींची पानं दमटपणानं लाटेसारखी झाली होती. त्या कुणाला पाठवता आल्या नाहीत. आधी शंभरच काढा. मागणी दिसली की ऑफसेटकडे वळा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, पुस्तक छापून आल्यावर मागू नका, नाहीतर प्रत्येक प्रतीवर स्टिकर चिकटवत बसावं लागेल. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो मोफत देते आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. मुद्रकानं 'आमचाच नंबर टाकू' म्हटलं, तर नोंदीत प्रकाशक तो होतो, तुम्ही नाही. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मजकूर तसाच ठेवून पुनर्मुद्रण केलं, तर जुनाच चालतो.

सर्वात जास्त पैसे मात्र पाठवणीत जातात. डेमी आकाराचं, सत्तर जीएसएम कागदावरचं 240 पानी पुस्तक साधारण 280 ग्रॅम भरतं. विक्रीच्या संकेतस्थळावरच्या लिस्टिंगमध्ये लेखक हेच वजन टाकतो. पुठ्ठा आणि टेप धरून पार्सल होतं सव्वातीनशेच्या आसपास. एकाच पत्त्यावर दोन प्रती गेल्या की अर्धा किलो ओलांडतो आणि अनेक कुरिअरवाले पुढच्या टप्प्याचा दर लावतात. म्हणून पॅक केलेलं पार्सल काट्यावर ठेवा आणि तेच वजन, तीच मापं लिहा. लिस्टिंगमध्ये पुस्तकाचं नाव देवनागरीत द्याच, पण वाचक ज्या रोमन स्पेलिंगनं शोधतील तेही शोधशब्दांत टाका.

आता हिशेब. छापील किंमत 250, सवलतीनंतर 200. त्यातून छपाई 95, संकेतस्थळाचं कमिशन 30, कुरिअर 55, पॅकिंग 12. हातात उरले 8 रुपये. कॅश ऑन डिलिव्हरीचं एक पार्सल न घेता परत आलं, तर जाण्यायेण्याचे 110 आणि पॅकिंगचे 12 गेले. म्हणजे पंधरा प्रतींची कमाई एका नकारात संपते.

मी आता ओळखीच्या वाचकांना थेट यूपीआयवर विकतो आणि टपालानं पाठवतो. मे 2025 पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, कर वेगळा. पार्सल जमिनीवरूनच जातं, त्यामुळे वेळ लागतो. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. आपलं पुस्तक त्यात बसतं का, हे पहिल्या प्रतीसह टपाल कार्यालयात जाऊन विचारा, आणि मगच विक्रीची किंमत ठरवा.