संशोधनावरचं तीन मिनिटांचं भाषण: आधी निष्कर्षाचं वाक्य

तीन मिनिटांत मराठीत आरामात साडेतीनशे शब्द बसतात. म्हणून स्लाइडला हात लावण्याआधी निष्कर्षाचं एकच वाक्य लिहा, आणि ते पहिल्या मिनिटातच म्हणा. शेवटासाठी राखून ठेवलं तर घंटा वाजते आणि ते राहूनच जातं.

उदाहरण घ्या. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. निष्कर्ष असा: ‘तोंडावाटे पाणी दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.’ दोन्ही आकडे ठेवा. नुसत्या चारवरून श्रोत्याला काहीच कळत नाही. ग्लुकोज-सोडियम वहनाऐवजी ‘साखर मिठाला आतड्यातून आत नेते, मागोमाग पाणी जातं’ एवढं पुरे.

सोपं करताना ‘या पाण्याने पटकी बरी होते’ असं मात्र होऊ देऊ नका. ते जंतू मारत नाही, शरीरातून गेलेलं पाणी भरून काढतं.

मग विषयाबाहेरच्या कुणालातरी ऐकवा आणि तासाभराने विचारा, ‘काय सापडलं होतं?’ उत्तरात फक्त छावणीच आली, तर गोष्ट कापा.