ईडीटीए टायट्रेशनमध्ये निळा रंग येत नाही? या चुका टाळा

कोल्हापुरात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला पाण्याचा हार्डनेस काढायचा म्हटलं की कुणी ना कुणी घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणतंच. मग ब्युरेटमधून ईडीटीए पडत राहतं, फ्लास्क जांभळटच राहतो आणि दोष इंडिकेटरच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा इंडिकेटर ठीक असतो, बिघडलेला असतो तो पीएच.

पहिली चूक पुस्तकातल्या तक्त्यापासून सुरू होते. मॅग्नेशियम-ईडीटीए कॉम्प्लेक्सचा फॉर्मेशन कॉन्स्टंट तिथे ६.२ × १०⁸ दिलेला असतो. आकडा मोठा, म्हणून रिॲक्शन पूर्ण होणारच, असं मुलं धरून चालतात. पण हा आकडा Y⁴⁻ साठी आहे, म्हणजे सगळे प्रोटॉन गमावलेल्या ईडीटीएसाठी. फ्लास्कमध्ये धातूशी न जोडलेल्या ईडीटीएपैकी असा भाग किती, हे पीएच ठरवतो. पीएच १० ला तो सुमारे ०.३५ असतो, तर पीएच ८ ला फक्त ०.००५४. या भागाने तक्त्यातला आकडा गुणला की कंडिशनल फॉर्मेशन कॉन्स्टंट मिळतो, आणि त्या फ्लास्कमध्ये खरा चालतो तो हाच:

K′ = α × K

पीएच १० ला K′ येतो २.२ × १०⁸ आणि पीएच ८ ला ३.३ × १०⁶. पीएच दोनने उतरला की पकड पासष्ट पटींनी ढिली होते.

दुसरी चूक याहून घातक आहे. बफर संपलाय म्हणून काही जण सोडिअम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून पीएच १० वर आणतात आणि टायट्रेशन सुरू करतात. आपण वापरतो ते ईडीटीएचं डायसोडिअम सॉल्ट असतं. धातू पकडताना त्याचे प्रोटॉन सुटतात:

Mg²⁺ + H₂Y²⁻ → MgY²⁻ + 2H⁺

हिशोब करून बघा. ५० मिली नमुन्यात सगळं मॅग्नेशियमच आहे आणि त्याला ०.०१ एम ईडीटीए १५ मिली लागतं असं धरू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने हार्डनेस ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर. शेवटापर्यंत ०.३० मिलिमोल प्रोटॉन सुटतील. पीएच १० च्या बिनबफरच्या ५० मिली पाण्यात हायड्रॉक्साइड असतं जेमतेम ०.००५ मिलिमोल. म्हणजे पाव मिली ईडीटीए पडतं न पडतं तोच ते संपून जातं. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट घसरण काही काळ रोखून धरतात, म्हणून तिथे एकदम बिघाड न दिसता रंग हळूहळू, ओढत बदलतो. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात मात्र पीएच सरळ ६ च्या खाली जातो, आणि तिथे इरिओक्रोम ब्लॅक टी धातूविनाही लालच असतो. मग कितीही ईडीटीए घाला, निळा रंग येणार नाही.

पीएच ८ च्या आसपास राहिला तर फसगत जास्त होते, कारण रंग बदलतो खरा, पण चुकीच्या जागी. इंडिकेटरची मॅग्नेशियमवरची पकडही पीएचवरच अवलंबून असते. पीएच १० ला रंग बदलतो तेव्हा मोकळं मॅग्नेशियम साधारण ४ × १०⁻⁶ एम उरलेलं असतं आणि खऱ्या समतुल्य बिंदूला ३ × १०⁻⁶ एम, म्हणजे जवळजवळ एकच. पीएच ८ ला रंग ४ × १०⁻⁴ एम वरच बदलायला लागतो. आपल्या नमुन्यातलं सुमारे सहावा भाग मॅग्नेशियम तेव्हा अजून मोकळंच असतं. रीडिंग १५ ऐवजी साडेबाराच्या आसपास येतं आणि हार्डनेस ३०० चा २५० होतो. तीन रीडिंग जुळली म्हणून उत्तर बरोबर, असं इथे समजू नये, कारण तिन्ही सारखीच कमी येतात.

म्हणून अमोनिया बफरच हवा. १७.५ ग्रॅम अमोनिअम क्लोराइड आणि १४२ मिली तीव्र अमोनिया मिळून २५० मिली केलेल्या बफरचे २ मिली घातले, की त्यात १५ मिलिमोलच्या आसपास अमोनिया असतो. ०.३० मिलिमोल प्रोटॉन त्याने सहज पचतात, पीएच साधारण ०.०६ नेच उतरतो. पण बाटलीचं बूच सैल राहिलं तर, विशेषतः मे महिन्याच्या उकाड्यात, अमोनिया उडून जातो. महिन्याहून जुना बफर मी वापरू देत नाही. पीएच तपासायचा तो टायट्रेशन संपल्यावरही. सुरुवातीचा १० शेवटी टिकला का, तेच बघायचं असतं. २ मिली बफर घालूनही शेवटी ९.९ च्या खाली दिसला तर बाटली टाकून नवा बफर करावा.

उलट बाजूलाही मर्यादा आहे. पीएच १२ ला α जवळजवळ १ होतो, म्हणून तिथेच टायट्रेट करावं असं वाटेल, पण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि इंडिकेटर नारिंगी होतो. एकट्या कॅल्शियमसाठी मात्र हाच पीएच मुद्दाम निवडतात, तोही इंडिकेटर बदलून. पीएच १० लाही बफर घातल्यावर रेंगाळू नये. कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागायच्या आत, साधारण पाच मिनिटांत टायट्रेशन उरकावं.